दयाळ सूर्याला नाही, शेजाऱ्याला सुनावतोय

चैत्र लागला की आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर 'पाखरं गाऊन सूर्यदेवाचं स्वागत करतात' असले मेसेज सुरू होतात. यावल-रावेरकडच्या कुठल्याही गावात पहाटे सव्वापाचला अंगणात उभे राहा. तांबडं फुटायचं असतं, केळीच्या बागेत मिट्ट काळोख, आणि विजेच्या खांबावरून दयाळ पक्षी मात्र गायला सुरू झालेला असतो. शेजारची आजी विचारते, "हाऊ इतला काबर वरडी राहिना?" हा एवढा का ओरडतोय, हा प्रश्न त्या मेसेजपेक्षा शहाणा आहे.

गातो तो नर. आणि तो काय म्हणतो, हे इंग्लंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉन क्रेब्स यांनी १९७०च्या दशकात फार साध्या युक्तीने दाखवलं. ऑक्सफर्डजवळच्या रानात ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. त्याचा राखी भाऊबंद आपल्या सातपुड्यातही दिसतो. क्रेब्स यांनी एका झाडीतले हद्द धरून बसलेले पक्षी उचलले. रिकाम्या झालेल्या काही हद्दींत लाउडस्पीकरवर त्याच जातीचं गाणं लावलं, काहींत नुसती पत्र्याची पिपाणी वाजवली, काही तशाच गप्प ठेवल्या. गप्प आणि पिपाणीच्या जागा नव्या नरांनी लगेच बळकावल्या. गाणं वाजत होतं तिथे शिरायला त्यांना बराच जास्त वेळ लागला. म्हणजे पक्षी जागेवर नसतानाही त्याचा आवाज बांध राखत होता. अर्थात कायमचा नाही. समोर मालक दिसत नाही म्हटल्यावर घुसखोर शेवटी आत आलेच.

मग हे पहाटेच का? एक तर त्या उजेडात किडा दिसत नाही, चारा शोधायला जाऊन उपयोग नाही, मग तो वेळ गाण्यात गेला तर नुकसान कमी. मोठ्या डोळ्यांचे पक्षी आधी गायला लागतात, हेही याच्याशी जुळतं. दुसरं, रात्रीत कुणी मेला असेल तर त्याची हद्द सकाळी मोकळी असते आणि बिनजागेचे नर तीच हुडकत फिरतात. 'मी जिवंत आहे' हे सांगायची हीच वेळ.

तिसरं कारण हवेचं. वैशाखात दुपारी आपल्याकडे जमीन तापून हवा कशी थरथरते ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या हवेतून सूर जाताना मोडतो, कधी मोठा तर कधी बारीक ऐकू येतो, वर केळीची पानं फडफडत असतात. पहाटे वारा पडलेला असतो. आवाज खूप लांब जातो असं सरसकट म्हणतात, पण खरी मेख अशी की तो दर वेळी सारखाच पोचतो. शेजारच्या नराला आवाजावरून कोण ते ओळखायचं असेल, तर हेच महत्त्वाचं.

पण मला सगळ्यात पटलेलं कारण घरातलं आहे. रूथ मेस या संशोधिकेने १९८०च्या दशकात ग्रेट टिटच्याच पहाटगाण्यावर काम केलं. मादीचे अंडी घालायचे दिवस असतात, तेव्हा नराचं पहाटेचं गाणं कळसाला असतं. ती आत ढोलीत झोपलेली, हा बाहेर जवळच्या फांदीवर गातोय. ती बाहेर आली की गाणं थांबतं आणि दोघांचं मीलन होतं. मादी रोज सकाळी एक अंडं घालते आणि त्यानंतर लवकरच पुढचं फळायचं असतं. त्या वेळी दुसरा नर आसपास असणं याला परवडत नाही. म्हणजे तेच गाणं बायकोला 'मी इथेच आहे' आणि परक्याला 'चालता हो' असं एकाच दमात सांगतं.

दयाळाची मादीही रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते. आमच्या मागच्या पडक्या भिंतीतल्या भोकात एक घरटं होतं. नर खांबावर शेपटी वर-खाली करत गायचा, राखाडी मादी भोकातून बाहेर पडली की सूर अर्ध्यावर सोडून सरळ तिच्याकडे झेपावायचा. एका घरट्यावरून सिद्धांत मांडत नाही, पण बघायला तरी सोपं आहे. भोक सापडलं की गायकाकडे नाही, भोकाकडे बघत बसायचं.

आता माझी खरी तक्रार. फोटोसाठी मोबाइलवर दयाळाचं रेकॉर्डिंग वाजवणारे हौशी लोक वाढलेत. पक्षी पिसं फुलवून पाच फुटांवर येतो आणि हे म्हणतात, "बघा, किती छान रिस्पॉन्स देतो!" अहो, क्रेब्स यांच्या स्पीकरला पक्षी फसले, तसाच हा फसलाय. त्याच्या लेखी तुम्ही ऐन अंड्यांच्या दिवसांत त्याच्या हद्दीत घुसलेला नर आहात. न दिसणाऱ्या चोराला शोधत तो झाडाझाडावर फिरतो, आणि तेवढा वेळ घरट्याकडे आणि खऱ्या शेजाऱ्याकडे त्याचं लक्ष नसतं. मार्च ते जुलै तरी तो मोबाइल खिशात ठेवा. फोटो हवाच असेल तर तो रोज कुठल्या खांबावर बसतो ते बघून ठेवा. जागा ठरलेली असते, उजाडलं की तिथेच सापडेल.