तक्रार अशी लिहा, की डॉक्टरांनी कंदी पेढे वाटावेत

डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार करायचं ठरवलंत? उत्तम. मग राग निवायच्या आत लिहायला बसा. थंड डोक्याने लिहिलेल्या मजकुराला तो झणका येत नाही. मी माझी तक्रार एका रात्रीत लिहिली, चौदा पानं. त्यात ‘नराधम’ तीनदा आणि ‘पांढऱ्या कोटातला दरोडेखोर’ पाचदा आला होता. सांगलीत कृष्णेच्या घाटावर मित्रांना वाचून दाखवली, तेव्हा भडंग खाणाऱ्यांचे हात थांबले.

प्रकरण माझ्या मामींचं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ८ फेब्रुवारीला घरी सोडलं, आठवड्याभरात पुन्हा दुखायला लागलं. मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी आधीच्या ऑपरेशनची नोंद बघायला मागितली. आम्ही पहिल्या दवाखान्यात गेलो, तर काउंटरवर उत्तर मिळालं, “फाइल सरांकडे आहे. आणि तुमचे साडेतीन हजार बाकी आहेत, ते बघा आधी.” एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीवर चौदा पानं होत नाहीत, म्हणून सढळ हाताने भर घालावी लागते.

मी भर घातली ती अशी. ऑपरेशन चुकलंच असणार, असं लिहिलं. तपासण्यांत कमिशन खातात, हे पानपट्टीवर ऐकलं होतं, तेही लिहिलं. त्यांची डिग्री खरी आहे का, असा सवाल टाकला. शेजारच्या काकूंना दोन वर्षांपूर्वी आलेला अनुभवही घेतला, काकूंना न विचारता. असे एकूण दहा आरोप झाले. तुम्हीही दहाच्या खाली येऊ नका. याचा फायदा असा, की यातला एकच कागदावर सिद्ध होण्यासारखा असतो आणि बाकी नऊ नसतात. डॉक्टरांचा वकील त्या नवांना सविस्तर उत्तर देतो. दहावा आपोआप झाकला जातो आणि सगळ्यांचीच सोय होते.

मागणी करताना हात आखडू नका. मी वीस लाख भरपाई मागितली. परिषद भरपाई देत नाही, ती ग्राहक आयोगाकडे मागायची असते आणि त्यालाही दोन वर्षांची मुदत असते, हे मला नंतर कळलं. परिषदेच्या हातात डॉक्टरांना ताकीद देणं किंवा नोंदवहीतून काही काळ वा कायमचं नाव काढणं, एवढंच असतं. मग त्यांच्याकडे काय मागायचं? पण आकडा असला की अर्ज भारदस्त दिसतो.

तक्रार कोणाविरुद्ध, तेही मोघमच ठेवा. मी दवाखान्याचं नाव टाकलं, कारण पाटी मोठी होती. परिषदेचा हात पोहोचतो तो नोंदणीकृत डॉक्टरांपर्यंत, इमारतीपर्यंत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच हवा, असा नियम आहे. मामींच्या चिठ्ठीवर तो होताही. पण शाईचा आकडा वाचत बसण्यापेक्षा ‘कुप्रसिद्ध डॉक्टर’ लिहिणं सोपं. डॉक्टर बीएएमएस असतील, तर महाराष्ट्र वैद्यक परिषद नाही, त्यांची परिषद वेगळी, हेही या क्रमांकाच्या नादी लागलं की कळतं. नको त्या गोष्टी कळतात.

शेवटी प्रती. मी कलेक्टर, पालकमंत्री, मुख्यमंत्री धरून अकरा जणांना पाठवल्या. पोस्टातली बाई म्हणाली, “लग्नपत्रिका आहेत का?”

आता माझे मामा. निवृत्त तलाठी. हा माणूस आयुष्यात कधी चिडला नाही, त्यामुळे त्यांच्याकडून तक्रारीची अपेक्षाच नव्हती. मी चौदा पानं लिहीत होतो, तेव्हा ते पाच ओळींचा अर्ज लिहीत होते: अमुक तारखेला ऑपरेशन झालं, ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद, संमतिपत्र आणि तपासण्यांच्या प्रती द्याव्यात. खाली मामींची सही, आणि सोबत ‘माझ्या वतीने कागद घेण्यास माझ्या पतीस अधिकार देत आहे’ असं पत्र. मी म्हटलं, “मामा, नवरा-बायकोत कसलं आलंय अधिकारपत्र?” ते म्हणाले, “मागणारा कोण, हा पहिला प्रश्न येतो. दुसरा येऊच द्यायचा नाही.”

१७ फेब्रुवारीला ते अर्ज घेऊन काउंटरवर गेले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. मुलगी शिक्का देईना. मामा बाकावर बसले, डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली. शेवटी शिक्का मिळाला, त्यावर त्यांनी तिच्याकडूनच वेळही लिहून घेतली, ११.४०. पोच मिळाली नसती, तर हाच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायचा त्यांचा बेत होता. वेळ कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं लिहिलंय. न देणं हे स्वतंत्र गैरवर्तन. २० तारखेला ११.४० वाजले, कागद आले नाहीत. मामा घड्याळाकडे बघून म्हणाले, “झालं.” जणू कुकरची शिट्टी मोजत होते.

२४ तारखेला त्यांनी स्पीड पोस्टाने स्मरणपत्र पाठवलं. त्यात काउंटरवर कोणत्या दिवशी काय उत्तर मिळालं, तेवढं लिहिलं. बिलाच्या साडेतीन हजारांचाही उल्लेख केला, कारण लपवलं तर समोरचा काढणारच. थकबाकी आहे म्हणून कागद अडवा, असं त्या नियमात कुठेच नाही.

मग मार्चमध्ये परिषदेचा नमुना बघून त्यांनी दीड पानाची तक्रार केली. ‘ऑपरेशन चुकलं’ हा शब्द नाही. मी भांडलो. ते म्हणाले, “चुकलं का ते ठरवायला दुसरा सर्जन लागतो आणि त्याला आधी नोंद लागते. नोंद माझ्याकडे नाही, म्हणून तर तक्रार.” तारीखवार आठ ओळी, प्रत्येक ओळीपुढे कंसात जोडपत्राचा क्रमांक. डिस्चार्ज कार्ड, अर्जाची पोच, अधिकारपत्र, स्मरणपत्राची पावती. सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्या, मूळ कागद लोखंडी पेटीत. नोटरीपुढे शपथपत्र. डॉक्टरांचा उल्लेख ‘डॉक्टरसाहेब’. वाचताना मला झोप आली. काकूंची काही तक्रार असेल तर ती काकूंनी करावी, असंही त्यांनी मला ऐकवलं.

माझ्या तक्रारीला उत्तर आलं: विहित नमुना, शपथपत्र आणि पुरावे जोडावेत. पुरावे! चौदा पानं लिहिली, ती काय होती? आणि डिस्चार्ज कार्डाची माझ्याकडची एकुलती एक झेरॉक्सच मी मंत्र्यांना पाठवून बसलोय, ती काही परत आली नाही. डॉक्टरांच्या कंपाउंडरला म्हणे माझी प्रत कुणीतरी व्हॉट्सअॅपवर दाखवली. दवाखान्यात तीन दिवस सगळे हसत होते.

मामांच्या तक्रारीवर मात्र डॉक्टरांकडून खुलासा मागवला गेला आणि सुनावणीची तारीख आली, मुंबईला. निकाल सहा महिन्यांत व्हावा, असं नियमात आहे. तोवर मामा पंचांगासारखी ती नोटीस भिंतीला टाचणीने लावून मोकळे. सोबतीला मी जाणार आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढली, आणि माझी चौदा पानं बॅगेत घातली. समितीपुढे निदान तिसरं पान वाचावं, अशी माझी इच्छा आहे. मामांनी ऐकून घेतलं.

“वाच की,” ते म्हणाले. “कल्याणपर्यंत वाच.”