घराला रंग कोण देतंय?

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी सहा माणसांदेखत रंगारी ठरलो. घरात रंगकाम चालू होतं, मागे शिडी करकरली, तिकडच्या साहेबानं विचारलं की हा आवाज कसला, आणि मी म्हणालो, "आय ॲम पेंटिंग माय हाउस." बस, एवढंच.

साहेब इंग्लंडातल्या लीड्सच्या आसपासचा. चार महिन्यांत हा माणूस माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलला असेल तर फक्त पावसाबद्दल. पण हे वाक्य ऐकलं आणि गडी खुर्चीत पुढे सरकला. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं घर रंगवणं हा तिकडे बऱ्याच जणांचा आवडता उद्योग. मी त्याच्याच पंथातला निघालो होतो.

"भिंती आधी घासून घेतल्या का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं, घासल्या होत्याच. माझ्या नाकात अजून पुट्टीची धूळ होती.

"छत आधी घेतलंत की भिंती?"

"छत," मी म्हणालो. तेही खरं. छताचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर होते.

"आणि कोट किती देणार?"

आता आमच्याकडे कोट नसतात, हात असतात. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. मी छातीठोकपणे सांगितलं, "टू हँड्स."

साहेब क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मी तर एकाच हातानं रंगवतो." पाचही जण हसले. त्यातले तीन पुण्याचे होते. त्यांना 'दोन हात' म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. तरी हसले. लक्षात ठेवलं आहे.

तेवढ्यात पेंटरमामा बनियनवर, डोक्याला वर्तमानपत्राची टोपी घालून, माझ्या मागून कॅमेऱ्यात आले आणि माझ्या लॅपटॉपचा प्लग काढून त्यांनी दिवा लावला. साहेबानं विचारलं, "हे कोण?"

"ही इज माय पेंटर."

"पण रंग तर तुम्ही देताय ना?"

"येस. ही इज ऑल्सो पेंटिंग."

यापुढचं मी सांगत नाही. लॅपटॉपची बॅटरी संपली, हे एक बरं झालं.

खरं तर चूक माझी नाही, मराठीची आहे. आपण म्हणतो, मी केस कापले, मी चष्मा बदलला, मी घराला रंग दिला. कात्री आपल्या हातात होती का, असं कोणी विचारत नाही. फारच खुलासा करायचा असेल तर 'करून घेतलं' आहेच. इंग्रजीत मात्र 'आय कट माय हेअर' म्हणालात तर समोरचा आधी तुमच्या डोक्याकडे निरखून बघतो. गंमत म्हणजे ताजमहाल शाहजहाननं बांधला, असं इंग्रजीतही खुशाल म्हणतात, आणि त्याला कोणी थापी कुठली वापरली म्हणून छळत नाही. बादशहाला सूट. दोन बेडरूमवाल्याला नाही.

मीटिंगनंतर टीममधल्या एका पोरानं खासगीत मेसेज टाकला: 'सर, तिथे आय हॅव पेंटेड माय हाउस पाहिजे होतं.' मी त्याचे आभार मानले आणि रात्री बायकोला ते वाक्य ऐकवलं. ती नववीला इंग्रजी शिकवते. म्हणाली, "म्हणजे आता रंग देऊनही झाला, आणि तोही तूच दिलास."

मग तिनं सुताराची राहिलेली पेन्सिल उचलली आणि हॉलच्या पुट्टी मारलेल्या भिंतीवर एकाखाली एक दोन वाक्यं लिहिली. 'आय हॅड पेंटेड माय हाउस.' 'आय हॅड माय हाउस पेंटेड.' शब्द तेच, पाचही. वरच्यात 'हॅड'ला लागून 'पेंटेड' आहे, म्हणून काम माझं. खालच्यात दोघांच्या मध्ये घर येऊन बसलंय, म्हणून काम दुसऱ्याचं, मी फक्त पैसे दिले. आधी 'हॅव', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. शाळेत 'गो-वेंट-गॉन' घोकताना शेवटी यायचं ते. काळ बदलला तरी 'पेंटेड' हलत नाही. सगळी कसरत 'हॅव'नं करायची. काम चालू असेल तर 'आय ॲम हॅविंग माय हाउस पेंटेड'. मला मंगळवारी हेच हवं होतं. प्रश्न विचारतानाही 'हॅव' इथे साधं क्रियापद असल्यामुळे 'डिड' लागतो: 'डिड यू हॅव युअर हाउस पेंटेड?'

"आणि 'गेट'?" मी विचारलं, कारण कोणीतरी तसंही म्हणताना ऐकलं होतं.

तेही चालतं, 'आय गॉट माय हाउस पेंटेड', जरा घरगुती बोलणं. खरा फरक माणूस मध्ये आला की पडतो. 'आय हॅड हिम पेंट द हॉल': मी सांगितलं, त्यानं केलं, 'पेंट' नुसतं. 'आय गॉट हिम टू पेंट द हॉल': इथे 'टू' येतो, आणि त्या 'टू'बरोबर विनवण्या येतात. पटवलं, गळ घातली, तेव्हा कुठे त्यानं केलं.

हे ऐकल्यावर मला कळलं की माझ्या आयुष्यात 'हॅड हिम' कधी झालेलंच नाही. आठ दिवसांचं काम, आज बाविसावा दिवस. मधले पाच दिवस मामा दुसऱ्या साइटवर, दोन दिवस गावाला, एक दिवस फोन बंद. आगाऊ रक्कम घेताना मात्र सकाळी साडेसातला दारात. गॅलरीतली ओल तशीच आहे, तिच्यावर रंग मारला तर पावसाळ्यात पोपडे धरणार हे मलाही कळतं, पण 'बघू साहेब' यापलीकडे उत्तर नाही. 'गॉट हिम टू' म्हणायलाही आधी तो यावा लागतो.

वर स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड त्यांनी बटणांसकट फिक्या पिवळ्या रंगात रंगवला. मी बायकोला विचारलं, याला काय म्हणायचं? मी तर सांगितलं नव्हतं.

"आय हॅड माय स्विचबोर्ड पेंटेड," ती म्हणाली.

"अगं, पण हे तर मुद्दाम करून घेतल्यासारखं झालं!"

तर नाही. पाकीट मारलं गेलं तरी इंग्रजीत 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन' म्हणतात. करून घेतलेलं आणि आपल्यावर ओढवलेलं, दोन्हीला एकच साचा. कुठलं ते संदर्भावरून ओळखायचं. मला ही अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात खरी गोष्ट वाटली. मामांच्या बाबतीत मलाही अजून ओळखता आलेलं नाही.

काल मामा आले. हॉलला पहिला हात मारून चहा पिऊन गेले. पिवळ्या रंगाखालून पेन्सिलीची दोन्ही वाक्यं अंधूक दिसताहेत, त्यातलं खालचं जरा जास्त. "दुसऱ्या हातात झाकलं जाईल," मामा म्हणाले. कधी, विचारलं, तर म्हणाले, "बघू साहेब."

उद्या साडेतीनला परत मीटिंग आहे. साहेबानं निरोप पाठवलाय, हॉल कसा झालाय ते कॅमेऱ्यावर दाखवा.