टर्बोच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

«टर्बो फुकटात ताकद देतो हे वाचून हसू आलं. एक्झॉस्टच्या वाटेत पंखा बसवला की पिस्टनला धूर जोर लावून ढकलावा लागतो, तो जोर कुठून येतो? इंजिनातूनच ना! मग पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरपेक्षा वेगळं काय? शिवाय सुपरचार्जर लगेच जोर देतो, लॅग नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. घाटातले ट्रक बघून इंजिन कळत नाही.»

भाऊ, प्रश्न सरळ विचारला असतात तर उत्तरही सरळ दिलं असतं. हसू आलं, अभ्यास करा, ही भाषा कशाला? मी धुळ्यात डिझेलच्या गाड्यांखाली झोपून शिकलो आहे, आणि बिजासनच्या घाटात दम सोडलेल्या केळीच्या गाड्या रात्री-अपरात्री उघडल्या आहेत. पुस्तकंही वाचतो. तुम्ही घाट बघून इंजिन कळत नाही म्हणता, पण इंजिनाचा कस तिथेच लागतो.

टर्बो आणि सुपरचार्जर दोघेही इंजिनात हवा दाबून भरतात; एक धुराच्या जोरावर फिरतो, दुसरा क्रँकवरच्या पट्ट्यावर. पंखा बसवला की धुराची वाट आवळली जाते, हे मान्य. माझ्या लेखात बॅकप्रेशरवर, म्हणजे अडलेल्या धुराच्या उलट दाबावर, एकच ओळ होती, दोन हव्या होत्या. पण तिथून तुम्ही थेट ‘वेगळं काय’ वर उडी मारता, ती मला पटत नाही.

दोन लिटरचं डिझेल इंजिन घ्या, 3000 आरपीएम, बूस्ट म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा वाढीव दाब एक बार. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर धरून त्याला सेकंदाला साधारण शंभर ग्रॅम हवा लागते. ती दाबायला सुमारे 9 किलोवॅट, म्हणजे बारा हॉर्सपॉवर लागतात. ज्या हवेचं तापमान बाहेर 35 अंश आहे, ती कंप्रेसरमधून बाहेर पडते तेव्हा 130 च्या आसपास गेलेली असते. सुपरचार्जरमध्ये हे बारा हॉर्सपॉवर पट्टा क्रँकवरून ओढून घेतो, आणि जुन्या रूट्स पद्धतीचा ब्लोअर असेल तर पंधरापर्यंत. टर्बोत तेच काम एक्झॉस्ट करतो: 600 अंशांचा धूर टर्बाइनमधून जाताना साधारण 80 अंशांनी थंड होतो, आणि तेवढ्या उष्णतेत कंप्रेसरचं भागतं. ती उष्णता नाहीतर सायलेन्सरमधूनच गेली असती.

आता तुमचा ‘जोर’. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरात काही बार दाब शिल्लकच असतो. पिस्टनने ढकलायच्या आधीच तो धूर स्वतःच्या दाबाने बाहेर झेपावतो, आणि टर्बाइन फिरवण्यातला मोठा वाटा या झेपेचा असतो. उरलेला धूर पिस्टन ढकलतो, पण दुसऱ्या बाजूने इनटेकवर बूस्टची हवा पिस्टनला खाली ढकलत असते. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा असेल तर हिशेब फिटतो. एक्झॉस्टचा दाब इनटेकपेक्षा 0.2 बारने जास्त धरला, तरी वर सांगितलेल्या इंजिनात नुकसान होतं फक्त एक किलोवॅटचं. कुठे एक आणि कुठे नऊ!

हे मी कागदावरच मांडत नाही. एका पिकअपच्या मॅनिफोल्डला टर्बोच्या अलीकडे नट वेल्ड करून मी लांब तांब्याची नळी काढली होती. लांब यासाठी, की गेज उष्णतेने जळू नये. दुसरं गेज इनटेकवर. माल भरून पळासनेरच्या पुढे चढावर घातली, तेव्हा दोन्ही काटे जवळजवळ बरोबरीने चालत होते. एक्झॉस्टचा काटा खूप वर गेला असता तर टर्बो लहान बसवलाय किंवा त्याची पानं अडकलीत असं मी समजलो असतो. तेव्हा मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं: चढावर गाडी गुदमरते आणि डिझेल खाते. चुकीचा टर्बो हा सगळ्या टर्बोंचा नियम नव्हे.

आणि तुम्ही काढला नाहीत तो मुद्दा मीच काढतो, म्हणजे कोणी मला एकतर्फी म्हणायला नको. सुपरचार्जरच्या इंजिनातही बूस्टची हवा पिस्टनला खाली ढकलते, आणि धुराची वाट मोकळी असते. त्यामुळे पट्ट्याने ओढलेल्या बारा हॉर्सपॉवरपैकी पाच-सहा परत येतात. उरलेले मात्र क्रँकच भरतो, आणि टर्बोत ते बहुतांशी धुराकडून वसूल होतात. दोघांतला खरा फरक एवढाच आहे आणि तो लहान नाही.

लॅगबद्दल, म्हणजे टर्बो जोर धरायला जो उशीर लावतो त्याबद्दल: लेखाचा तिसरा परिच्छेद वाचा. सुपरचार्जर क्रँकबरोबर फिरतो म्हणून लगेच जोर देतो, हे तिथे लिहिलेलं आहे. प्रतिक्रिया लिहिण्याच्या घाईत ते राहून गेलं असेल.