२४० भागिले ३० म्हणजे ८ स्प्रिंट? भागाकार बरोबर आहे, २४० चुकलेत

फिरणारी पोस्ट: “बॅकलॉग किती स्प्रिंटमध्ये संपेल हे सांगायला मोठमोठी टूल्स लागत नाहीत. एकूण पॉइंट घ्या, सरासरी व्हेलॉसिटीने भागा, झालं. २४० पॉइंट, सरासरी ३०, म्हणजे ८ स्प्रिंट. व्हेलॉसिटी वर-खाली होते, पण सरासरीत ते मिटतं. नवीन काम येतं तसं जुनं गळतंही, त्यामुळे हिशोब जुळतो. सुट्ट्याबिट्ट्या सरासरीत धरलेल्याच असतात. आणि उशीर होणार असं दिसलं तर टीमने व्हेलॉसिटी वाढवावी.”

सरासरीत मिटतं?

हा मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. सहा जणांच्या एका टीमचे दहा स्प्रिंट धरा, प्रत्येक दोन आठवड्यांचा. पूर्ण झालेले पॉइंट असे: ३४, २२, ३८, ३१, १८, ३६, २९, ४०, २४, २८. बेरीज ३००, सरासरी ३०. १८ नंतर लगेच ३६ का, तर पाचव्या स्प्रिंटमध्ये दोन मोठी तिकिटं टेस्टिंगमध्ये अडकली. अर्धवट कामाला शून्य पॉइंट मिळतात आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये तिकीट बंद झालं की पूर्ण पॉइंट मिळतात. टीमचा वेग दोन्ही वेळा तोच होता, फक्त नोंद पुढे सरकली. असे चढउतार खरंच एकमेकांना खाऊन टाकतात.

मग बिघडतं कुठे? ८ हा आकडा मधला आहे. या दहा आकड्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे आठ आकडे उचलले (एकच आकडा पुन्हा आला तरी चालेल), तर त्यांची बेरीज २४० किंवा जास्त येण्याची शक्यता निम्म्याच्या किंचित वर असते. म्हणजे “८ स्प्रिंट” असं छातीठोक सांगणारा माणूस प्रत्यक्षात नाणं उडवत असतो. पण नऊ आकडे उचलले तर हीच शक्यता ९३ टक्क्यांच्या आसपास जाते. व्हेलॉसिटीच्या चढउतारावर जितकी चर्चा होते, तितकं त्याचं नुकसान नाही. एक स्प्रिंट जास्त धरला की बहुतेक भरपाई होते. हिशोब इथेच संपला असता तर पोस्टवाल्याला फार नावं ठेवायची गरज नव्हती.

नवीन येतं, जुनं गळतं

खरी गोची इथे आहे. ३० पॉइंट पूर्ण झाले म्हणजे २४० मधले ३० कमी झाले, असं पोस्ट गृहीत धरते. त्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने जातात.

पहिली चूक व्हेलॉसिटीत. बऱ्याच टीम प्रॉडक्शनच्या बगलाही पॉइंट देतात. ते काम व्हेलॉसिटीत मोजलं जातं, पण ते २४० मध्ये कधीच नव्हतं. वरच्या टीममध्ये असे सरासरी ४ पॉइंट प्रत्येक स्प्रिंटला जात होते. म्हणजे बॅकलॉगच्या वाट्याला ३० नाही, २६ येतात.

दुसरी चूक बॅकलॉगमध्ये. एखादी स्टोरी हातात घेतली की तिच्यातून दोन नवीन निघतात, डेमोत क्लायंटला काहीतरी आठवतं, आधी ३ दिलेल्या तिकिटाला प्लॅनिंगमध्ये ८ द्यावे लागतात. आणि जे गळतं म्हणतात, ते बहुतेक वेळा बॅकलॉगच्या तळाशी वर्षभर पडलेलं सामान असतं. ते या रिलीजच्या २४० मध्ये धरलेलंच नसेल, तर गळल्याने काहीच कमी होत नाही. खुद्द २४० मध्येही एक भोक असतं. ज्या तिकिटांना अजून पॉइंट दिलेले नाहीत, ती बेरजेत शून्य म्हणून बसतात. आधी ती शोधा. सगळ्यांचा अंदाज बांधायला वेळ नसेल, तर तशाच प्रकारच्या बंद झालेल्या तिकिटांचे सरासरी पॉइंट त्यांना लावा.

भर किती पडते हे मोजायला प्रत्येक नवीन तिकिटाच्या मागे धावू नका. प्रत्येक स्प्रिंटच्या सुरुवातीला रिलीजचे उरलेले एकूण पॉइंट लिहून ठेवा, बस. सूत्र इतकंच:

```
added = (end_left - start_left) + closed
```

सुरुवातीला ३०० उरले होते, संपताना २९३, आणि रिलीजमधले १६ बंद झाले, तर भर ९ पॉइंटची. नवीन स्टोऱ्या, वाढवलेले अंदाज, वगळलेली तिकिटं, सगळं या एका आकड्यात येतं. मागचे आकडे लिहिलेले नसतील तर जिरातल्या Release Burndown मध्ये प्रत्येक स्प्रिंटला वाढलेलं काम वेगळं दिसतं.

आपल्या टीमची भर सरासरी ६ निघाली. आता हे शाळेतलं हौद-नळाचं गणित झालं: दर स्प्रिंटला २६ बाहेर, ६ आत, निव्वळ २०. भागाकार तोच, पण उत्तर १२. आठाचे बारा झाले, आणि तेही पुन्हा मधला आकडाच. या निव्वळ २० चा स्वभावही वाईट आहे. भर ६ वरून ११ झाली तर निव्वळ १५ उरतात आणि उत्तर थेट १६ वर जातं. ३० ने भागणाऱ्याला ही घसरण दिसतच नाही.

मधल्या आकड्याऐवजी शक्यता हवी असेल तर मोठी टूल्स खरंच लागत नाहीत, एवढं पोस्टचं मान्य. बंद झालेले (बग वगळून) आणि भर पडलेले पॉइंट जोडीने ठेवा आणि त्याच जोडीतून चिठ्ठ्या काढा:

```python
import random
closed = [31,16,36,27,10,34,25,38,19,24]
added  = [5,9,0,8,4,12,3,0,11,8]

def sprints(left):
    n = 0
    while left > 0 and n < 100:
        i = random.randrange(len(closed))
        left += added[i] - closed[i]
        n += 1
    return n

runs = [sprints(240) for _ in range(10000)]
for k in range(8, 17):
    print(k, sum(r <= k for r in runs) / 10000)
```

`i` एकच ठेवण्यामागे कारण आहे. ज्या स्प्रिंटमध्ये काम कमी झालं त्याच स्प्रिंटमध्ये भरही जास्त पडली असेल, तर ते नातं तुटू नये. उत्तर साधारण असं येतं: ८ स्प्रिंटमध्ये संपण्याची शक्यता एका टक्क्याच्याही आत, १० मध्ये १२ टक्के, १२ मध्ये निम्मी, १४ मध्ये ८४ टक्के, १५ मध्ये ९३. क्लायंटला तारीख द्यायची तर १४ च्या हिशोबाने द्या. १२ हा आकडा टीमने आपल्यापाशी ठेवावा.

याला मर्यादा आहेत. पुढचे स्प्रिंट मागच्यांसारखेच जातील असं हे गणित धरून चालतं. मधेच एखादा सिनियर नोटीस देऊन गेला, किंवा सुरुवातीला जोरात पडणारी भर शेवटी आटली, तर मागची यादी तशीच वापरू नका. भर आटत असेल तर शेवटच्या पाच-सहा जोड्याच घ्या आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर पुन्हा चालवा.

सुट्ट्या धरलेल्याच असतात?

ज्या महिन्यांची सरासरी काढली, त्या महिन्यांच्या सुट्ट्या तिच्यात असतात, पुढच्या नाहीत. पुण्यातल्या टीमचे वरचे दहा स्प्रिंट फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचे असतील आणि काम जुलैपासून सुरू होणार असेल, तर पुढे गणपती, दसरा, दिवाळी आहे. १४ स्प्रिंट म्हणजे २८ आठवडे, म्हणजे डिसेंबरअखेर ओलांडून जानेवारीचा मध्य. क्लायंट अमेरिकेचा असेल तर नाताळात तिकडून यूएटीचं उत्तर यायचं नाही, हेही त्यात आलं.

दिवाळीचा एक स्प्रिंट जवळून पाहा. सहा माणसं, दहा कामाचे दिवस, म्हणजे ६० मनुष्यदिवस. तीन दिवस ऑफिस बंद, १८ गेले. गावी जाणाऱ्यांच्या जोडून रजा एकूण १० दिवस. उरले ३२. त्या प्रमाणात व्हेलॉसिटी ३० ची १६ होईल. पण प्रॉडक्शनच्या बगला आणि क्लायंटला दिवाळी नसते. बगचे ४ आणि भरीचे ६ तसेच राहिले, तर निव्वळ २० च्या जागी ६ उरतात. माणसं जवळपास निम्मी, पण निव्वळ प्रगती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून असा स्प्रिंट “अर्धा” धरू नका. रजांचा तक्ता समोर घेऊन त्याचा निव्वळ आकडा वेगळा काढा आणि तो २४० मधून आधीच वजा करा. इथे ६ वजा केले की उरले २३४. वरचा प्रोग्राम २३४ ला चालवा आणि उत्तरात एक स्प्रिंट मिळवा.

टीमने व्हेलॉसिटी वाढवावी

वाढवतील की! पुढच्या प्लॅनिंगमध्ये जे तिकीट ५ चं होतं ते ८ चं होईल. कुणी मुद्दाम फसवतंय असंही नाही. आकड्यावर नजर आहे म्हटल्यावर अंदाज देताना हात सैल सुटतो. मग ३० ची व्हेलॉसिटी ३७-३८ दिसायला लागते. उरलेल्या बॅकलॉगमधली तिकिटं मात्र जुन्या, लहान मापाने मोजलेली असतात. जुन्या मापाच्या बॅकलॉगला नव्या मापाच्या व्हेलॉसिटीने भागलं की २४० पॉइंट साडेसहा स्प्रिंटमध्ये संपणार असं दिसतं, आणि त्याच सुमारास टीम नेहमीइतकंच काम करत असते.

हे ओळखायला दोन गोष्टी पाहा. पॉइंटच्या शेजारी दर स्प्रिंटला बंद झालेल्या तिकिटांची संख्या लिहा. पॉइंट वाढले आणि तिकिटं तेवढीच राहिली, तर फुगवटा आहे (तिकिटं पाडण्याची पद्धत मधेच बदलली नसेल तर). दुसरं, अलीकडे बंद झालेली दहा-बारा तिकिटं उघडून History टॅबमध्ये पॉइंट कधी बदलले ते बघा. काम हातात घेताना अंदाज सरसकट वर सरकलेला दिसला, तर उरलेल्या बॅकलॉगलाही तेवढ्याच पटीने वाढवून मग गणित करा. तिकिटांची संख्या मात्र खरोखर वाढलेली असेल, तर आधी त्या स्प्रिंटची टेस्टिंग तपासा, कारण घाईत बंद झालेलं तिकीट पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये बग होऊन भरीच्या किंवा बगच्या रकान्यात परत येतं.