रोमन लिपीत लिहा, पण वाचता येईल असं लिहा

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी माझ्या आतेभावाला सगळ्यांसमोर झापलं. "मराठी लिहायचं तर देवनागरीत लिहा, नाहीतर लिहू नका." दवाखान्यात आईच्या उशाशी रात्र काढलेल्या माणसाला हे ऐकवायचं? तेव्हापासून डोकं फिरलंय.

झालं असं. आत्याला मुतखड्याचा त्रास. काल रात्री तिला दवाखान्यात नेलं. ताईने ग्रुपवर विचारलं, आत्या कशी आहे? आतेभावाचं उत्तर आलं:

`Kal geli. Ata shant zopliye.`

त्याला म्हणायचं होतं, कळ गेली, आता शांत झोपलीये. ताईने वाचलं, काल गेली. आणि पुढचं "शांत झोपलीये" वाचल्यावर तर शंकाच उरली नाही. ती रडायलाच लागली. आतेभाऊ फोन उचलेना, कारण तो औषधं आणायला खाली गेला होता.

त्याचा फोन जुना, तिसऱ्या हातात आलेला. कीबोर्डमध्ये देवनागरी नाही आणि नवीन काही टाकायला जागा नाही. त्याने काय करायचं होतं, गप्प बसायचं होतं? ज्यांना रोमन लिपीचा एवढा राग येतो त्यांना सांगते, फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं ते रोमन अक्षरांतच. छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. मराठी तेव्हा बाटली नाही, आता आतेभावाच्या दोन वाक्यांनी बाटणार आहे का?

बरं, मान्य, आता बहुतेक फोनमध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो आणि ज्यांना जमतं त्यांनी जोडावाच.

पण राग उतरल्यावर दुसरीही बाजू दिसते. ताईला जो धक्का बसला तो लिपीमुळे नाही, स्पेलिंगमुळे. `kal` म्हणजे काल, काळ, कळ, कल, काहीही. शिवाय हिंदीची सवय असलेल्या आमच्या मुंबईच्या पोरांना त्यात उद्यासुद्धा दिसतो. एरवी मागच्यापुढच्या शब्दांवरून कळून जातं. `kal bajarat gelo` कोणी चुकीचं वाचणार नाही. घोटाळा होतो तो दोन्ही अर्थ चपखल बसतात तेव्हा, आणि दुखण्याखुपण्याच्या निरोपात नेमकं तसंच होतं.

म्हणून शब्दाच्या मधला आ दोन `a` घालून लिहा: `kaal`. शेवटचा आ एका `a`वर भागतो, कारण मराठीत शेवटचा अ आपण बहुधा उच्चारतच नाही. `mala` वाचताना शेवटी कोणी अडखळत नाही. पण मधल्या `a` आणि `l`मुळे तो मला, माळा की मळा, हे ठरत नाही. माळा म्हणायचं असेल तर `maaLa` लिहिलं की प्रश्न मिटला.

ळ साठी मोठा `L`: `kaL`, `baaL`, `shaaLa`. गोव्यात रोमीत कोकणी लिहिणारे त्याच कामाला `ll` वापरतात, आकाशाला `mollob` लिहितात. त्यांच्याकडे ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या आहे, आपल्याकडे नाही, म्हणून आपल्या माणसांना `kall` कदाचित इंग्रजी वाटेल. मला `L` बरा वाटतो. फक्त इंग्रजी कीबोर्डचं आपोआप शब्द बदलणं बंद करा, नाहीतर तो `ahe`चं `she` करून ठेवेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

स्वर खाऊ नका. `ky krtys`, `ks ahe` ही सवय एसेमेसच्या दिवसांतली. इंग्रजी अक्षरांत एका एसेमेसमध्ये 160 अक्षरं मावायची, देवनागरी आली की 70च, म्हणून माणसं अक्षर अक्षर वाचवायची. आता कसली काटकसर? मैत्रिणीशी गप्पा मारताना काय हवं ते लिहा, पण दवाखान्यातून लिहिताना नको.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय स्पेलिंगचा नाहीच. शब्द दोन तऱ्हांनी वाचला जाईल असं वाटलं तर तो शब्दच टाळा. आतेभावाने `pot dukhaycha thambla, Aai zopliye` लिहिलं असतं तर ताईने चहा टाकला असता. त्यात एक `L` नाही, दोन `a` आहेत ते फक्त `Aai`त. कर्ता लिहिला की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. "गेली" म्हणजे कोण गेली, हे वाचणाऱ्याने का शोधायचं?

हे मी आतेभावाला संध्याकाळी फोनवर सांगितलं. बिचारा म्हणाला, "ताईला कसं तोंड दाखवू?" त्याला म्हटलं, तू काहीही वाईट केलेलं नाहीस रे, तू कळवलंस तरी. ज्यांनी सकाळी त्याला शिकवण दिली त्यांनी आत्याची चौकशी देवनागरीतही केलेली नाही, हेही इथेच लिहून ठेवते. त्यांनी आज रात्रीच्या आत आत्याला फोन करावा.