लोगोच्या ब्रीफमध्ये 'आवडता रंग कोणता?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा

छोट्या व्यवसायाच्या लोगोचं काम हातात घेताना बरेच डिझायनर ब्रीफची, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते समजून घेण्याची, सुरुवातच रंगापासून करतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिला प्रश्न आवडीचा नको, जागेचा हवा. पुढच्या दोन वर्षांत हा लोगो नेमका कुठे कुठे लागणार आहे, आणि त्यातली सगळ्यात लहान जागा किती आकाराची आहे? कॉन्सेप्ट कशी असावी, फायली कोणत्या द्याव्यात आणि पैसे किती मागावेत हे बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरतं.

उदाहरणासाठी सायकल दुरुस्तीचं एक दुकान घेऊ. मालकाला लोगोत सायकलचं चाक हवं आहे आणि शेजारी बारा अक्षरांचं नाव. 'लोगो कुठे वापरणार?' असं मोघम विचारलं तर उत्तर येतं, 'सगळीकडेच.' म्हणून एकेक जागा विचारून मापासकट लिहून घ्यावी. समजा यादी अशी झाली: दुकानावर १० फुटी पाटी, कामगारांच्या टी-शर्टवर छातीपाशी ९ सेंटीमीटर रुंदीचं भरतकाम, बिलावर एकरंगी रबरी शिक्का आणि मोबाइलवर गोल प्रोफाइल फोटो.

आता मालकाच्या डोक्यातलं चाक या यादीवर तपासून बघा. टी-शर्टवरच्या ९ सेंटीमीटरपैकी चाकाला जेमतेम अडीच सेंटीमीटर मिळतात, उरलेली जागा नावाला जाते. भरतकामात साधारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नीट उमटत नाही. म्हणजे आऱ्या निदान १ मिलिमीटर जाड हव्यात. खऱ्या चाकासारखं दिसावं म्हणून सोळा आऱ्या काढल्या, तर केंद्रापासून ३ मिलिमीटरवर परीघ भरतो सुमारे १९ मिलिमीटर. त्यातले १६ आऱ्यांनीच खाल्ले, मग दोन आऱ्यांमध्ये ०.२ मिलिमीटरसुद्धा उरत नाही. शिवल्यावर तिथे धाग्याचा गोळा होणार, शिक्क्यावर शाईचा डाग पडणार. सहाच आऱ्या ठेवल्या की तीच फट २ मिलिमीटरच्या वर जाते आणि चाक चाकासारखं दिसतं. हे गणित ब्रीफच्या वेळीच झालं तर कॉन्सेप्टचा एक अख्खा राउंड वाचतो.

नावाचंही तसंच. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून उंची मोजली जाते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी उंची येते. भरतकामात अक्षराची मूळ उंची ५ मिलिमीटरच्या खाली गेली की 'घ', 'ध', 'क्ष' यांच्या पोकळ्या बुजायला लागतात. आणि गोल प्रोफाइल फोटोत हे लांबट नाव बसणारच नाही. तिथे एकटं चाक लागेल, म्हणजे चिन्ह नावाशिवाय उभं राहायला हवं. हे आधी कळलं तर तशीच रचना करता येते. शेवटी कळलं तर नाव कापून उरलेला तुकडा चिन्ह म्हणून चालवावा लागतो, आणि तो तुकड्यासारखाच दिसतो.

ब्रीफमध्ये आणखी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: अंतिम होकार कोण देणार? हे नाव लेखी हवं. दुसऱ्या राउंडनंतर अचानक भागीदार उगवतो आणि पहिल्यापासून सगळं उसवायला लागतो, हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं दुखणं आहे.

कॉन्सेप्ट दोन किंवा तीनच दाखवाव्यात, आणि आधी फक्त काळ्या-पांढऱ्यात. रंग आला की चर्चा आकारावरून हटते आणि 'निळा जरा गडद करा' इथे जाऊन अडकते. प्रत्येक कॉन्सेप्ट कोऱ्या पानावर मोठी करून दाखवण्याऐवजी यादीतल्या जागांवर बसवून दाखवा: पाटीवर, शिक्क्याच्या मापात, प्रोफाइलच्या गोलात. सहा-सहा पर्याय पाठवू नयेत. पर्याय वाढले की माणूस निवड करत नाही, जुळवाजुळव करतो: याचं चाक, त्याची अक्षरं, तिसऱ्याची चौकट. जाड रेघेचं चाक आणि बारीक रेघेची अक्षरं शेजारी ठेवली की दोन वेगळ्या लोगोंची शिवण उघडी दिसते.

राउंड म्हणजे काय, हे कोटेशनमध्येच लिहावं. सगळ्या सूचना एकत्र, एकाच माणसाकडून, लेखी आल्या की तो एक राउंड. असे दोन राउंड किमतीत धरावेत. अंतर, जाडी, रंग, अक्षराचं वळण बदलणं ही दुरुस्ती. 'चाक नको, आता पाना करून बघा' ही नवी कॉन्सेप्ट, आणि तिचे पैसे वेगळे. क्लायंटनेही उपाय सांगण्यापेक्षा अडचण सांगावी. 'नाव मोठं करा' यापेक्षा 'रस्त्यापलीकडून नाव वाचता येत नाही' हे जास्त उपयोगाचं आहे, कारण तिथे कदाचित अक्षरं मोठी न करता त्यांतलं अंतर वाढवूनच काम होतं.

फायलींच्या बाबतीत छोटे व्यावसायिक सर्रास अडकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली १,००० पिक्सेल रुंद जेपीजी हाच 'लोगो' म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहते. ती १० फुटी पाटीवर ताणली की दर इंचाला जेमतेम आठ पिक्सेल येतात आणि कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. म्हणून मूळ फाइल व्हेक्टर हवी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि आकारांनी बनलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी; एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्हीत. पीडीएफ म्हटली की व्हेक्टरच, असं नाही. आत जेपीजी चिकटवूनही पीडीएफ बनते. ओळखायचं सोपं आहे: जमेल तितकी मोठी करून बघा, कडा फाटली तर ते चित्र आहे. अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत बदलूनच, द्यावीत. नाहीतर समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसतो आणि जोडाक्षरं फुटतात. जाडी दिलेल्या रेघाही पूर्ण आकारात बदलाव्यात, कारण व्हिनाइल कापणारं यंत्र रेघेची जाडी बघत नाही, रेघेच्या मधोमध कापून मोकळं होतं.

सोबत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, छपाईसाठी सीएमवायके, स्क्रीनसाठी आरजीबी, एकरंगी काळा आणि गडद रंगावर चालेल असा पांढरा. फाइल न उघडताही आत काय आहे ते कळेल अशी नावं ठेवा:

```
logo-full-cmyk.pdf
logo-full-rgb.svg
mark-black.svg
mark-white.png
```

भरतकामाच्या यंत्राची फाइल यात येत नाही. ती टाक्यांची फाइल असते आणि भरतकाम करणाराच ती तयार करून घेतो. हेही आधीच सांगितलेलं बरं.

राहिला दर. 'एका लोगोचे इतके' असं एकरकमी सांगण्यापेक्षा तास मांडा. वरच्या दुकानासाठी अंदाज असा धरता येईल: ब्रीफ आणि स्पर्धकांचे लोगो पाहणं ४ तास, कच्ची रेखाटनं ६, दोन कॉन्सेप्ट ८, दोन राउंड ४, फायली ३. एकूण २५. तासाचा दर काढताना महिन्याचे सगळे तास विकले जातात असं धरू नका. निम्मे तर फोन, कोटेशन आणि हिशेबात जातात. बजेट कमी असेल तर दर पाडण्याऐवजी काम कमी करावं: एकच कॉन्सेप्ट, एकच राउंड. फायलींना मात्र कात्री लावू नये, तिथे वाचवलेले तीन तास क्लायंटला प्रत्येक छपाईच्या वेळी नडतात. निम्मे पैसे सुरुवातीला, उरलेले अंतिम मंजुरीनंतर आणि व्हेक्टर फायली देण्याआधी. वापराचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर क्लायंटकडे जातील आणि नाकारलेल्या कॉन्सेप्ट डिझायनरकडेच राहतील, ही दोन वाक्यं कोटेशनच्या त्याच पानावर असू द्या.