वहिनीचे हात

आज संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी वाण द्यायला पुढे झाली, तर एका बाईंनी हातच मागे घेतला. "खरूज नाही ना गं ही?" सगळ्यांसमोर! वहिनीने हात पदराखाली घेतले ते शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.

खरूज नाही, हाताचा एक्झिमा आहे तो. हातात हात दिल्याने पसरत नाही. पाण्याने आणि साबणाने झालाय, म्हणजे कामाने झालाय.

मला माहीत आहे, कारण स्टाफ नर्स म्हणून माझेही हात असेच झाले होते. सुरुवात अंगठीखाली झाली, कारण साबण तिथे अडकून राहतो. आधी बारीकसा कोरडा, लाल पट्टा, मग बोटांच्या बेचक्या, मग पेरांवर भेगा. रजेवर गेले की बरं, ड्युटीवर आले की पुन्हा तेच. मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या ट्यूबने चार दिवस छान वाटायचं. ती स्टेरॉइडची होती. मी महिनोन् महिने चोळत राहिले आणि कातडी पातळ झाली. स्टेरॉइड लागतं, मान्य. पण कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

त्वचेच्या डॉक्टरांनी मला आधी विचारलं, हात किती वेळा धुता? दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा धुणं किंवा दोन तासांहून जास्त वेळ हात ओले असणं, एवढं पुरतं म्हणे. वहिनीचे वीस तर दुपारच्या जेवणाआधीच होतात. कणीक, भाज्या, भांडी, ओटा, बाळाचे लंगोट. आणि तिला विचारतात, "घरीच तर असतेस, हातांना काय झालं?" संताप येतो.

वॉर्डमध्ये मीही एक चूक करत होते. सॅनिटायझर भेगांना झोंबायचं म्हणून साबणाकडे धावायचे. खरं तर त्वचेचं तेल साबण जास्त काढतो. हातांवर घाण दिसत नसेल तेव्हा ग्लिसरीन असलेलं सॅनिटायझरच बरं. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र साबण-पाणीच लागतं, तिथे इलाज नाही.

पंधरा दिवसांत माझे हात वरून बरे दिसायला लागले आणि मी कामाच्या वेळी हातमोजे घालणं सोडलं. आठवड्यात पुन्हा भेगा. आतली कातडी सावरायला काही महिने लागतात, हे तेव्हा कळलं. म्हणून वहिनीला आत्ताच सांगितलंय: आत सुती मोजे, वरून रबरी, आतले ओले झाले की लगेच बदलायचे. हात धुतले की टिपून पेट्रोलियम जेली, पातळ लोशन नाही. मोजे घालून कणीक मळता येत नाही, हो, पण भांडी तर घासता येतात ना?

अंगठी काढून ठेव म्हटलं तेव्हा तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काढ गं." अंगठीखाली सगळं सोललेलं होतं. आई कितीतरी वेळ तिचा हात हातात घेऊन बसली होती.

रात्रीची भांडी आज दादा घासतोय.